रात्री पोटरीत गोळा येतो : वय ६४, द्राक्षबागेचं काम, बीपीची गोळी

तासगावची_सून
सासऱ्यांसाठी विचारतेय. वय ६४, तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे. खरड छाटणी उरकली, आता काडी विरळणी चालू आहे, म्हणजे सकाळी सातपासून मांडवाखाली उभं राहून काम. गेले तीन आठवडे रात्री दोन-अडीचच्या सुमारास पोटरीत गोळा येतो. उजव्या पायात जास्त, कधी डाव्यातही. पोटरी दगडासारखी घट्ट होते, तळवा खाली ओढला जातो, दोन-तीन मिनिटं जीव कासावीस होतो आणि मग आपोआप सुटतो. दुसऱ्या दिवशी पोटरी मुका मार लागल्यासारखी दुखते. आठवड्यातून चार-पाच रात्री असं होतं. दिवसा काही नाही.

शुगर नाही. बीपीची गोळी सव्वा महिन्यापूर्वी बदलली. "पाणी कमी पडतंय" असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे ते रोज मोजून पाच-साडेपाच लिटर पाणी पितात, तरी फरक नाही. उलट आठवडाभर गळून गेल्यासारखे वाटतात, जेवण कमी झालंय. कुणाला दाखवायचं, हाडांच्या डॉक्टरना का?

कृष्णाकाठ
ताई, हे साधं आहे. उन्हात घाम जातो, पोटॅशियम कमी होतं, शीर चढते. रोज दोन केळी, एक शहाळं. घरातलं मीठ बंद करून ते कमी सोडियमवालं मीठ आणा, बीपीलाही बरं. मेडिकलमधून मॅग्नेशियमची गोळी घ्या, रात्री एक. पाणी चालू ठेवा, उन्हाळ्यात पाच लिटर काही जास्त नाही. आठवड्यात फरक पडतो.

गोळीकाका
ताई, केळी-शहाळ्याच्या आधी एक काम करा. बीपीच्या गोळीचं पाकीट उलटं करा आणि मागे बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते इथे टाका. पुढचं मोठं नाव नको, मागचं.

तासगावची_सून
टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. आधी नुसतं टेल्मिसार्टन ४० होतं. बीपी १५० च्या पुढे जात होतं म्हणून ही दिली.

गोळीकाका
वाटलंच होतं. बीपीच्या जोडगोळीत ब्रँडच्या नावामागे एच, सीएच, सीटी अशी शेपटी दिसली की बहुतेक वेळा आत लघवी वाढवणारं औषध असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड नाहीतर क्लोरथॅलिडोन. औषध वाईट नाही, बीपीला चांगलं आहे. पण ते लघवीवाटे मीठ बाहेर काढतं. सोडियम जातं, पोटॅशियम जातं, थोडं मॅग्नेशियमही जातं. रात्रीचे गोळे या औषधांनंतर वाढतात ही जुनी, नोंदलेली गोष्ट आहे.

आता तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत काय काय जुळून आलंय बघा. गोळी सुरू होऊन सव्वा महिना, गोळे सुरू होऊन तीन आठवडे. वर मे महिन्याचं ऊन. घामातून मुख्यतः सोडियम जातं, पोटॅशियम त्या मानाने फार थोडं. औषधाने सोडियम जातंय, घामाने जातंय, आणि हे वरून पाच लिटर साधं पाणी ओततायत. रक्तातलं उरलंसुरलं सोडियम पातळ होणार नाही तर काय? क्लोरथॅलिडोन चालू असलेल्या साठीपुढच्या माणसाला अति पाणी हे औषध नाही, तो अर्धा आजार आहे. सोडियम उतरल्याची पहिली लक्षणं अशीच असतात : गळून जाणं, अन्न नको वाटणं, डोकं जड होणं, चालताना झोक जाणं. आणि हे बहुतेकदा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होतं.

म्हणून हाडांचे डॉक्टर नकोत. ज्यांनी गोळी दिली त्यांच्याकडेच उद्या जा आणि रक्त तपासा : सोडियम, पोटॅशियम आणि किडनी कशी चाललीय ते सांगणारं क्रिएटिनिन. जमलं तर त्यातच शुगर, थायरॉइड आणि कॅल्शियम. पहिल्या तीन तपासण्यांचा रिपोर्ट मोठ्या गावात त्याच दिवशी मिळतो.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. "एक दिवस चुकवून बघतो, गोळा येतो का" हाही प्रयोग नको. क्लोरथॅलिडोन अंगात दोन-तीन दिवस रेंगाळतं, एका दिवसाने काहीच कळणार नाही, बीपी मात्र वर जाईल. उद्यापर्यंत एवढंच करा : मोजून पाणी पिणं थांबवा, तहान लागेल तेवढंच. आणि बडबडल्यासारखं बोलले, उलट्या झाल्या किंवा झोपेतून नीट जागे होईनात, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात.

कृष्णाकाठ, तुमच्या कमी सोडियमच्या मिठाबद्दल : त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवतं. आज क्लोरथॅलिडोन ते बाहेर काढतंय म्हणून तोल आहे. उद्या डॉक्टरांनी ते काढलं आणि हे मीठ, दोन केळी, शहाळं चालूच राहिलं, तर पोटॅशियम उलट्या बाजूने चढेल. किडनी थोडी जरी कमजोर असली तर ते हृदयावर जातं.

कृष्णाकाठ
बरं, मिठाचं मागे घेतो. पण मॅग्नेशियमने लोकांना गुण येतो, हे खोटं का?

गोळीकाका
गोळे असेही येतात-जातात. तीन आठवडे रोज येतील, मग महिनाभर गायब. त्या महिन्याच्या सुरुवातीला जी गोळी घेतली तिला श्रेय मिळतं. उपचारांवरचे अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये सगळे प्रयोग एकत्र तपासले, त्यात वयस्कर माणसांना मॅग्नेशियमचा जाणवण्याजोगा फायदा दिसला नाही. गरोदर बायकांबद्दल निकाल उलटसुलट आहेत. रक्तात मॅग्नेशियम खरंच कमी असेल तर गोष्ट वेगळी. जुलाब होतात हे बरेच जण सांगत नाहीत, आणि किडनी कमजोर असेल तर घेऊच नये.

आणि कुणी क्विनिन सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. मलेरियाचं ते कडू औषध पोटरीच्या गोळ्यांवर थोडं लागू पडतं, पण प्लेटलेट्स कोसळणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं हे त्याचे धोके आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक खात्याने २०१० मध्ये यासाठी वापरू नका असा पुन्हा इशारा दिला. माझ्या काउंटरवर यासाठी मागायला आलात तर मी देणार नाही.

विश्रामबाग_फिजिओ
गोळीकाकांनी रक्ताची बाजू सांगितली. मी स्नायूची सांगते, कारण रिपोर्ट सुधारले तरी बागेतलं काम आहे तेच राहणार.

आधी एक गैरसमज. "शीर चढली" म्हणतात, पण शीर कुठेही चढत नाही. पोटरीचा स्नायू आखडतो आणि सुटत नाही. झोपेत तळवा खाली झुकलेला असतो, म्हणजे पोटरी आधीच आखूड अवस्थेत असते. त्यात कूस बदलताना माणसाने पाय ताणला, बोटं पुढे टोकदार केली, की आखूड स्नायू आणखी आवळतो आणि तिथेच अडकतो. म्हणून गोळा पहाटे आळस देताना येतो. जड वाकळ पायांवरून घेऊन गादीखाली खोचली तर ती पंजा रात्रभर खाली दाबून धरते. उन्हाळ्यात पातळ चादर घ्या आणि पायाकडची बाजू मोकळी सोडा. पालथं झोपायची सवय असेल तर पावलं गादीच्या कडेबाहेर लोंबू द्या.

दुसरी गोष्ट बागेतली. काडी मांडवावर असते, माणूस हात वर करून टाचा उचलतो. दिवसातून शेकडो वेळा. पोटरी दिवसभर आवळलेली राहते आणि रात्री तशीच आखडून बसते. हात पोचण्यासाठी टाच उचलावी लागत असेल तर पायाखाली रुंद फळी किंवा बसकं लाकडी स्टूल घ्या, ज्यावर अख्खं पाऊल टेकतं. उलटा क्रेट नको, तो डुगडुगतो. आणि प्रत्येक ओळ संपली की मांडवाच्या खांबाला धरून एकदा पोटरी ताणायची.

आता ताण कसा द्यायचा. झोपण्याआधी, अंथरुणात जायच्या पाच मिनिटं आधी.

भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभं राहा, दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर भिंतीला. एक पाय पुढे, गुडघा वाकलेला. मागचा गुडघा सरळ, आणि मागची टाच जमिनीला चिकटलेली. आता कंबर पुढे न्या. पोटरीच्या वरच्या, जाड भागात ओढ जाणवली पाहिजे. दुखायला नको. वीस-तीस सेकंद, मग सोडा. असं तीनदा, मग दुसरा पाय. यानंतर त्याच जागी मागचा गुडघा थोडा वाकवून तसंच करा. आता ओढ खाली, टाचेच्या वर जाणवेल. तो आतला स्नायू आहे आणि लोक तो विसरतात.

चुकतं कुठे? मागचं पाऊल बाहेर वळतं. बोटं सरळ भिंतीकडेच हवीत, नाहीतर ताण पोटरीऐवजी घोट्याच्या आतल्या बाजूला जातो. आणि झटके देऊन मागेपुढे हलतात, त्याने स्नायू उलट आवळतो.

मग अंथरुणावर बसून पाय लांब, गुडघा सरळ, तळव्याला पंचा अडकवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढा. मांडीच्या मागचा भाग ताणला जातो. दहा सेकंद, तीनदा.

सरळ सांगते, यावरही एकमत नाही. २००५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात नुसत्या पोटरीच्या ताणाने फरक पडला नाही. २०१२ च्या डच अभ्यासात पंचावन्नच्या पुढच्या लोकांनी सहा आठवडे झोपण्याआधी पोटरी आणि मांडी दोन्ही ताणल्या, त्यांचे गोळे कमी झाले. माझं मत विचाराल तर सहा आठवडे न चुकता करून बघावं, चार दिवसांत निकाल मागू नये.

तासगावची_सून
खूप उपयोग झाला. आणि गोळा आलेलाच असतो तेव्हा काय करायचं? आम्ही दोघं मिळून पोटरी जोरात चोळतो, तेल लावून.

विश्रामबाग_फिजिओ
चोळणं नंतर. आधी गुडघा सरळ करा, मग पंजा नडगीकडे ओढा. गुडघा वाकलेला ठेवून पंजा ओढला तर वरचा स्नायू ताणलाच जात नाही, आणि घाबरून माणूस नेमका गुडघाच पोटाशी घेतो. तुम्ही मदत करत असाल तर एक हात गुडघ्यावर हलका दाबून, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर त्यांची टाच घ्या आणि तुमच्या कोपराखालच्या हाताने पूर्ण पंजा मागे ढकला. बोटं धरून उपटू नका. हळूहळू, पण सोडायचं नाही. गोळा सैल झाल्यासारखा वाटला तरी आणखी तीसेक सेकंद धरा, नाहीतर तो परत येतो.

एकटे असतील तर उशाशी पंचा ठेवा, तोच तळव्याला अडकवून ओढायचा. उभं राहून टाचेवर भार दिला तरी सुटतो, पण बीपीची गोळी चालू आहे आणि अंधार आहे. आधी कॉटच्या कडेला बसा, भिंत धरा, मग उठा. गोळ्याने कुणी मरत नाही, पण रात्री पडून खुब्याचं हाड मोडतं.

सुटल्यावर शेक द्या, हलकं चोळा, खोलीत दहा-बारा पावलं चाला.

अजिंक्यताऱ्याची_पायरी
मलाही हाच त्रास आहे. साताऱ्यात असतो, वय ५८. मी रोज अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढतो. पहिल्या वळणापर्यंत ठीक, मग डाव्या पोटरीत गोळा. दोन-तीन मिनिटं थांबलो की सुटतो, पुन्हा तेवढंच अंतर गेलं की पुन्हा येतो. वरचे ताण सुरू करतो. सिगरेट आहे, पण आता दिवसाला चारच.

वॉर्डातली
दादा, तुम्हाला हाच त्रास नाही. उलटा आहे. या ताईंच्या सासऱ्यांना झोपेत येतो आणि दिवसा चालताना काही नाही. तुम्हाला ठरावीक अंतर चाललं की येतो आणि उभं राहिलं की जातो. ते रक्त कमी पोचत असल्याचं लक्षण आहे, पायाची धमनी अरुंद झालेली असू शकते. ताण देऊन ते जाणार नाही.

आज घरी एवढं बघा. दोन्ही पावलं हाताने चाचपा, डावं उजव्यापेक्षा गार लागतं का. पावलावरचे केस एका बाजूला गेलेत का. बोटांना एखादी जखम पंधरा दिवसांत भरली नाही असं आहे का. मग डॉक्टरांना सांगा की घोट्याचं आणि दंडाचं बीपी दोन्ही मोजून तुलना करा. घोट्याचं दंडाच्या नव्वद टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर धमनीत अडथळा धरतात. साधी, न दुखणारी तपासणी आहे. आणि पायाच्या धमन्या अरुंद असल्या तर हृदयाच्याही असण्याची शक्यता वाढते, म्हणून याला "पायाचं दुखणं" म्हणून बाजूला टाकू नका. चार सिगरेटींचं काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

रात्री पाय कॉटवरून खाली लोंबता सोडल्यावर बरं वाटायला लागलं तर थांबूच नका, लगेच जा.

औदुंबर
आमच्या ओळखीच्या एका काकांना चालताना असंच व्हायचं, पण ते सायकल मैलभर चालवायचे, काही नाही. मणका निघाला.

वॉर्डातली
बरोबर, तो फरक उपयोगी आहे. मणक्यात नस दबत असेल तर पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर आराम पडतो, नुसतं उभं राहून नाही. सायकलवर माणूस वाकलेला असतो म्हणून चालते. धमनीचं असेल तर सायकलवरही दुखतं.

आणि ताई, तुमच्यासाठी एक. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली आणि गोळा सुटल्यावरही दिवसभर दुखतच राहिली, तर चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. मोजायची टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर ती गंभीर गोष्ट धरा.

तासगावची_सून
काल सगळं झालं. पोटऱ्यांत अर्धा सेंटिमीटर फरक, सूज नाही. रिपोर्ट : सोडियम १२९, पोटॅशियम ३.३, क्रिएटिनिन १.०. शुगर, थायरॉइड, कॅल्शियम ठीक. डॉक्टर म्हणाले बरं झालं आलात. क्लोरथॅलिडोन काढलं, टेल्मिसार्टन ठेवून अम्लोडिपिन ५ जोडलं. आठवडाभर बागेत जायचं नाही, पाणी दिवसाला दीड-दोन लिटरच्या आत, जेवणात नेहमीचं मीठ. पाच दिवसांनी पुन्हा रक्त.

गोळीकाका
सोडियम १३५ च्या खाली गेलं की कमी धरतात, १२९ म्हणजे उशीर परवडला नसता. पोटॅशियम ३.५ च्या खाली कमी, ते मात्र थोडंच खाली आहे.

अम्लोडिपिनने काही जणांच्या दोन्ही घोट्यांना संध्याकाळी सूज येते. ती आली तर डॉक्टरांना सांगा. एकाच पायाची सूज मात्र त्या गोळीच्या माथी मारू नका. आणि पुढच्या रिपोर्टपर्यंत शहाळं बंदच ठेवा, मी वर सांगितलं त्याच कारणाने.

कृष्णाकाठ
मी पाच लिटर चालू ठेवा म्हणालो होतो. माफ करा ताई. पण मग उन्हात काम करणाऱ्याने प्यायचं काय? बाकीचे मजूर तर तेवढंच पितात.

गोळीकाका
तरुण, औषध नसलेल्या मजुराची किडनी जास्तीचं पाणी बाहेर टाकते, तिथे प्रश्न नाही. पण चार-पाच तास कपडे भिजेपर्यंत घाम गाळला तर त्यालाही नुसतं पाणी पुरत नाही, मीठही हवं. मीठ घातलेलं ताक आणि भाकरी-कालवण एवढ्यात ते भागतं. जेवण न करता काम असेल तर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. बरेच जण एक लिटरचं पाकीट एका ग्लासात ढवळतात, ते फार खारट होतं आणि उलटी होते. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. बीपी, हृदय किंवा किडनीचा रुग्ण असेल तर हे रोजचं पेय नाही, डॉक्टरांना विचारून.

तासगावची_सून
आज आठवा दिवस. तिसऱ्या दिवसापासून जेवायला लागले. पाचव्या दिवशी सोडियम १३४, पोटॅशियम ३.९. भिंतीजवळचा ताण आणि पंचा रोज करतात, वाकळ काढून टाकली. आठ रात्रींत गोळा दोनदा आला, दोन्ही वेळा पहाटे, अर्ध्या मिनिटात सुटला. गोळी बदलल्याने गेलं का ताणाने गेलं ते मात्र कळत नाही, सगळं एकदमच केलं.

विश्रामबाग_फिजिओ
कळणारही नाही, आणि आत्ता ते शोधण्यासाठी काही बंद करू नका. साध्या वहीत तारीख, वेळ, कुठला पाय आणि त्या दिवशी किती तास उभे होते एवढं लिहा. बागेत परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं ते खरं बघायचंय. त्यांना टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का? बसता येत असेल तर सकाळी दोन मिनिटं तसंच बसू द्या, पोटरीच्या खालच्या भागाला आयता ताण मिळतो. टाचा उचलल्या जात असतील तर जबरदस्ती नको.

तासगावची_सून
उजवी टाच उचलली जाते, डावी टेकते. गोळाही उजव्यातच जास्त.

विश्रामबाग_फिजिओ
मग उजव्या बाजूला भिंतीजवळ तीनऐवजी पाचदा. घोट्याला जुना मार आहे का तेही विचारा.